पार्सल मावशीचं, खातं भाचीचं

दुकानातून भेटवस्तू घेतली की बिल आपल्या पाकिटात जातं आणि वस्तू रंगीत कागदात. किंमत आणि वस्तू यांची ताटातूट तिथेच, गल्ल्यापाशी होते. ऑनलाइन भेटीत हा गल्लाच नसतो. वस्तू भिवंडीच्या किंवा आणखी कुठल्या गोदामातून निघते आणि थेट मावशीच्या दारात उतरते. मध्ये आपला हात कुठेच लागत नाही. दुकानाच्या लेखी गिऱ्हाईकही एकच असतं, ज्याच्या खात्यावरून ऑर्डर गेली ते. मावशी म्हणजे नुसता पत्ता. किंमत उघडी पडणं, ओटीपीची धावपळ, परत करतानाचा घोळ, या सगळ्याचं मूळ इथे आहे, आणि ते ध्यानात ठेवलं की पुढचं बरंच आपोआप उलगडतं.

आधी बिलाचं बघू. जीएसटीच्या नियमांप्रमाणे माल वाहून नेणाऱ्याजवळ त्या मालाचं बिल असावं लागतं. त्यामुळे पार्सलसोबत बिल जाणं हीच सर्वसाधारण रीत आहे. ते कधी खोक्याच्या आत असतं, कधी बाहेर चिकटवलेल्या प्लास्टिकच्या पाकिटात. काही ठिकाणी तर पत्त्याचं लेबल आणि बिल एकाच कागदावर छापतात, वरच्या अर्ध्यात पत्ता आणि खालच्या अर्ध्यात वस्तूचं नाव, कर आणि एकूण रक्कम. अशा पार्सलची किंमत मावशीच्या आधी वॉचमनला कळते.

मोठ्या खरेदी-अ‍ॅपवर पैसे भरण्याच्या आधीच्या पानावर ‘गिफ्ट’ असा पर्याय असतो. तो निवडला की आत जाणाऱ्या चिठ्ठीवर किंमत छापली जात नाही, चार ओळींचा संदेश जातो आणि थोडे जास्तीचे पैसे मोजले तर वेष्टनही होतं. खरं बिल ऑर्डर देणाऱ्याच्या खात्यात राहतं, तिथून ते हवं तेव्हा उतरवून घेता येतं. मात्र हा पर्याय प्रत्येक वस्तूला मिळत नाही. जो माल कंपनीच्या स्वतःच्या गोदामातून बांधला जातो त्यालाच तो बहुधा दिसतो. विक्रेता आपल्या दुकानातून परस्पर पाठवणार असेल तर तो दिसत नाही, आणि तिथे विक्रेत्याला ‘बिल आत टाकू नका’ असं कळवूनही भरवसा नसतो, कारण पार्सल बांधणाऱ्या मुलापर्यंत तो निरोप पोचतच नाही. मिक्सर, पंखे, मोठी भांडी अशा वस्तू पुष्कळदा कंपनीच्या मूळ खोक्यावरच लेबल मारून रवाना होतात. तिथे वेष्टन नाही आणि आत काय आहे याचं गुपितही नाही, खोक्यावर चित्रच असतं. वस्तूच्या पानावर मूळ वेष्टनात पाठवली जाईल अशी सूचना असते, ती ऑर्डर देण्याआधी वाचावी.

हे सगळं जमवलं तरी एक किंमत उरतेच, ती म्हणजे एमआरपी. आवेष्टित मालासाठीच्या 2011 च्या वजनमाप नियमांनुसार विक्रीच्या पॅकवर कमाल किरकोळ किंमत छापणं सक्तीचं आहे आणि ती खोडण्याला किंवा पुसण्याला मनाई आहे. गिफ्टचा पर्याय निवडल्याने गोदामातला माणूस त्यावर कागद चिकटवत बसत नाही. गंमत अशी की ही किंमत आपण भरलेली नसतेच. सोळाशेला घेतलेल्या कुकरच्या खोक्यावर अडीच हजार छापलेले असतात. मावशीला वाटतं, पोरीने फार खर्च केला. पाठवणाऱ्यांपैकी अनेकांची या गैरसमजाला मुळीच हरकत नसते, हेही खरं. आणि मावशीच्या नातवाने फोनवर शोधून खरा भाव सांगितला, तर त्यावर कुठल्याच अ‍ॅपकडे इलाज नाही.

वॉरंटीचा प्रश्नही बिलाशीच बांधलेला आहे. सर्व्हिस सेंटरवाले खरेदीची तारीख बघायला बिल मागतात आणि त्यावर किंमत असतेच. ती खोडलेलं बिल दाखवलं तर ते नाकारू शकतात. म्हणून बिल आपल्याजवळ ठेवावं, वस्तू बिघडली की तक्रार आपणच नोंदवावी आणि बिल परस्पर सर्व्हिस सेंटरला पाठवावं. वर्षभराने किंमत कळली तरी फारसं बिघडत नाही म्हणा.

आता दार वाजतं तो क्षण. पत्त्याच्या रकान्यात मावशीचं नाव आणि मावशीचाच मोबाइल नंबर द्यायचा. अनेक जण सवयीने स्वतःचा नंबर ठेवतात आणि मग साताऱ्यातला डिलिव्हरीवाला ठाण्यातल्या ऑफिसात फोन करून ‘मारुतीच्या देवळापासून आत कुठे वळू?’ असं विचारत राहतो. पण महागाच्या वस्तूंना लागणारा ओटीपी बहुधा खात्याशी जोडलेल्या नंबरवर येतो, म्हणजे पुन्हा ठाण्यातच. दोन नंबर, दोन गावं. त्या दिवशी आपला फोन उचलता येईल याची काळजी घ्यावी आणि ओटीपी मावशीला तेव्हाच सांगावा जेव्हा माणूस पार्सल घेऊन दारात उभा असेल. ‘डिलिव्हरीसाठी ओटीपी सांगा’ असा नुसता फोन आला तर सांगू नये. कॅश ऑन डिलिव्हरीने भेट पाठवू नये हे लिहायची गरज नाही असं वाटेल, पण अ‍ॅपवर मागच्या वेळचीच पद्धत आधीपासून निवडलेली असू शकते, आणि मग मावशीला स्वतःच्या भेटीचे पैसे पर्समधून काढून द्यावे लागतात.

मोबाइल, घड्याळं यांसारख्या वस्तूंना काही ठिकाणी ‘ओपन बॉक्स’ डिलिव्हरी असते. डिलिव्हरीवाला दारातच खोकं उघडतो, आतली वस्तू दाखवतो आणि ती बरोबर आहे असं आपण मान्य केलं की ओटीपी घेतो. आश्चर्याचा बेत तिथेच संपतो, पण मोबाइलच्या जागी साबणाची वडी निघण्याची भीतीही संपते. महागाच्या वस्तूला मी आश्चर्यापेक्षा ही तपासणी पसंत करीन. फक्त मावशीला आधी सांगून ठेवायला हवं की नीट बघितल्याशिवाय मान डोलवू नकोस. ओटीपी दिल्यावर ‘वस्तू वेगळीच होती’ हे पटवून देणं फार जड जातं.

भेटीच्या बाबतीत सर्वांत जास्त माणसं फसतात ती मात्र तारखेत. परतीची मुदत डिलिव्हरीच्या दिवसापासून मोजली जाते, भेट उघडण्याच्या दिवसापासून नाही. वास्तुशांत 18 तारखेला आहे म्हणून आपण शहाणपणाने लवकर ऑर्डर देतो, पार्सल 9 तारखेला पोचतं, मावशी ते देवघराशेजारी तसंच ठेवते, ‘मुहूर्तावर उघडू’. सात दिवसांची मुदत 16 तारखेला संपते. 18 ला खोकं उघडतं तेव्हा अ‍ॅपवर परतीचं बटणच उरलेलं नसतं. म्हणून वस्तू समारंभाच्या दोन-तीन दिवस आधी पोचेल अशी ऑर्डर द्यावी, किंवा लवकर पोचली तर त्या घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी, काकांना किंवा मावसभावाला, कटात सामील करून बाहेरचं खोकं उघडून आतल्या कंपनीच्या खोक्यावरचं लेबल वाचायला सांगावं. नुसतं खोक्यावरचं चित्र बघू नये. तीन लिटरच्या आणि पाच लिटरच्या कुकरचं चित्र एकच असतं.

आमच्या नात्यात हे असंच घडलं. ताईने ठाण्याहून साताऱ्याच्या मावशीला पाच लिटरचा स्टीलचा कुकर पाठवला. मावसभावाने आदल्या दिवशी बाहेरचं खोकं कापलं आणि कंपनीच्या खोक्याचा फोटो पाठवला. खोक्यावर गोदामाची बारकोडची पांढरी चिठ्ठी होती, तिच्यावर वस्तूचं नाव आणि ‘5 लि.’ छापलेलं. ताई निर्धास्त झाली. पण फोटो मोठा करून बघितला तर शेजारीच कंपनीच्या छापील चौकटीत, जिथे एमआरपी आणि बनावटीचा महिना असतो तिथे, 3 लिटर असं होतं. म्हणजे कुकर बनवणाऱ्याने बरोबर छापलं होतं, चूक चिठ्ठी लावणाऱ्याची होती. गोदामात माल ओळखला जातो तो या चिठ्ठीवरून. संगणकाच्या दृष्टीने पाच लिटरचाच कुकर गेला होता.

ताईने अ‍ॅपवर परतीचा अर्ज भरला. कारणांच्या यादीत घाईघाईत ‘आता नको आहे’ निवडलं, तेच सर्वांत वर होतं. दुसऱ्या दिवशी वस्तू न्यायला मुलगा आला. त्याच्या फोनवर वस्तूचा फोटो, रंग, माप अशी यादी होती आणि प्रत्येकापुढे हो किंवा नाही करायचं होतं.

‘मावशी, हे तीनचं आहे. माझ्याकडे पाचचं दाखवतंय. मॅच होत नाही.’

‘अरे, म्हणूनच तर परत देतोय ना!’

‘ते बरोबर आहे हो, पण मला हे घेता येत नाही.’

त्या मुलाचं काही चुकलं नव्हतं. ‘नको आहे’ या कारणाने परत येणारी वस्तू ही पाठवलेलीच वस्तू असली पाहिजे, नाहीतर कुणीही नवा कुकर ठेवून घरातला जुना परत करील. त्याच्या यादीत एक ‘नाही’ पडलं की पुढे जाताच येत नाही. चुकीची वस्तू परत करताना ही कोंडी नेहमीची आहे. चुकीची आली म्हणून परत करायची, आणि चुकीची आहे म्हणून ती कुणी नेत नाही.

यातून सुटका कारणाच्या निवडीत असते. अर्ज रद्द करून नव्याने भरायचा आणि ‘वेगळीच वस्तू आली’ हेच कारण निवडायचं. मग अ‍ॅप फोटो मागतं. चार फोटो पुरतात: बाहेरच्या खोक्यावरचं पत्त्याचं लेबल ज्यावर कुरिअरचा नंबर वाचता येतो, गोदामाची चिठ्ठी, कंपनीची छापील चौकट, आणि आतली वस्तू तिच्या मापाच्या खुणेसह. ताईच्या बाबतीत दुसरा आणि तिसरा फोटो शेजारी ठेवले की सगळं स्पष्ट होत होतं. अर्ज गेल्यावर कस्टमर केअरशी चॅटवर बोलून, न्यायला येणाऱ्याच्या सूचनेत ‘चुकीची वस्तू आहे, वर्णन जुळणार नाही’ अशी नोंद करून घ्यायची आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवायचा. चॅट बरा, कारण तो लेखी उरतो. कस्टमर केअरचा नंबर अ‍ॅपमधूनच घ्यावा, गुगलवर शोधू नये. तिथे सापडणारे कित्येक नंबर भामट्यांचे असतात आणि ‘रिफंडसाठी’ यूपीआयचा पिन टाकायला लावतात. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

महाग किंवा नाजूक वस्तू असेल तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ फोटोंपेक्षा भक्कम पुरावा ठरतो, पण तो अखंड हवा. बंद खोक्याचं लेबल आणि चारी बाजूंच्या चिकटपट्ट्या दाखवून सुरुवात करायची आणि वस्तू बाहेर येईपर्यंत कॅमेरा थांबवायचा नाही. समारंभात शूटिंग चालूच असतं, तेव्हा हे अवघड नाही, फक्त कॅमेरा मावशीच्या चेहऱ्यावरून मधूनमधून खोक्यावर यायला हवा.

दुसऱ्या खेपेला मुलगा कुकर घेऊन गेला. इथेही एक पथ्य आहे. वस्तू नेल्याचा मेसेज ऑर्डर देणाऱ्याच्या फोनवर येतो. मावशीने फोन चालू ठेवून मुलाला दोन मिनिटं दारातच थांबवावं आणि ठाण्यात ‘पिकअप झालं’ असा मेसेज आला की मगच जाऊ द्यावं. वस्तू हातातून गेली आणि नोंद झाली नाही, असं घडलं तर सिद्ध काय करणार?

आता बदली मागायची की पैसे? मन बदलीकडे ओढ घेतं, कारण मावशीला कुकर द्यायचाच आहे. पण अशा चुकीत पैसे परत घेणं जास्त सुरक्षित. चिठ्ठ्या एकेक लावल्या जात नाहीत, खोक्यांचा आख्खा गठ्ठा येतो आणि सगळ्यांना एकाच रिळातून लागतात. एक चुकली असेल तर गठ्ठाच चुकलेला असण्याची शक्यता मोठी, आणि बदलीचा कुकर त्याच गठ्ठ्यातून येणार. ताईने बदली मागितली होती आणि पुन्हा तीन लिटरचाच आला. शेवटी पैसे घेऊन दुसऱ्या विक्रेत्याकडून मागवला तेव्हा पाचचा पोचला. वास्तुशांतीनंतर, अर्थात. खोकं फुटलं, झाकण चेपलं अशा वाटेत झालेल्या नुकसानीला मात्र बदली चांगली, कारण ते त्या एका नगाचं दुर्दैव असतं.

मुदत उलटल्यावर चूक सापडली तर? बटण नसलं म्हणजे हक्क संपला असं नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे वस्तू सदोष असेल, बनावट असेल किंवा जाहिरातीत सांगितलेल्या वर्णनाशी जुळत नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. ‘रंग आवडला नाही’ याला हे संरक्षण नाही, तिथे दुकानाचं जे धोरण तेच चालतं. ‘पाच मागवला, तीन आला’ याला आहे. याच नियमांनी प्रत्येक अशा कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमायला लावला आहे. त्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. त्याचं नाव आणि ईमेल अ‍ॅपच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात असतो. चॅटवर तीनदा ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ ऐकून झालं की चौथ्यांदा चॅट न करता तिथे लिहावं. ऑर्डर नंबर, तारखा, तेच चार फोटो आणि काय हवं ते एका वाक्यात. तिथेही दाद नाही लागली तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पुष्कळ तक्रारी तिथवर गेल्या की मिटतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग.

इथे कायदा दुकानापेक्षा शहाणा आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे भरणाऱ्याबरोबरच त्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहक धरला आहे. म्हणजे अ‍ॅपच्या लेखी नुसता पत्ता असलेली मावशी कायद्याच्या लेखी ग्राहक आहे. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे तिला साताऱ्यातच दाद मागता येईल. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगाची फी नाही. दोन वर्षांच्या आत तक्रार करायला हवी. कुकरसाठी कुणी आयोगाची पायरी चढणार नाही हे कबूल, पण साठ हजारांचा टीव्ही असेल तर हे माहीत असलेलं बरं.

वस्तू बरोबर आली पण आवडली नाही, हे यापेक्षा नाजूक प्रकरण. दुकानातून आणलेली साडी मावशी गुपचूप बदलून आणू शकते. ऑनलाइन साडी तिला गुपचूप बदलता येत नाही, कारण परतीचा अर्ज भाचीच्या खात्यातूनच भरावा लागतो, ‘वस्तू नेली’ हा मेसेज भाचीला येतो आणि पैसेही ज्या मार्गाने भरले त्याच मार्गाने भाचीकडेच परत जातात. मावशी गप्प बसते आणि साडी कपाटात जाते. पाठवणाऱ्यानेच आधी मोकळं केलं तर बरं: ‘अमुक तारखेपर्यंत बदलता येते, टॅग काढू नकोस, रंग सांग.’ तारीख सांगितली की ते औपचारिक वाटत नाही. साडीचा टॅग, बुटांचं खोकं, खेळण्याचं सील गेलं की परत घेत नाहीत. अंतर्वस्त्रं, खाद्यपदार्थ आणि नाव कोरून घेतलेल्या वस्तू एरवीही परत होत नाहीत.

मावशीची निवड मावशीवर सोडायची तर गिफ्ट व्हाउचर आहे, पण त्यावर रक्कम ठळक छापलेली असते, म्हणजे किंमत लपवण्याचा सारा खटाटोप संपला. ते आहेराच्या पाकिटासारखंच, फक्त वरचा एक रुपया नाही. मुदत बघून पाठवावं. मुदत संपलेल्या व्हाउचरची रक्कम सहसा बुडतेच.

परदेशातल्या भाचरांची अडचण आणखी वेगळी. मावशीच्या दारात दुपारचे बारा वाजतात तेव्हा न्यू जर्सीत मध्यरात्र उलटून गेलेली असते आणि ओटीपी तिथल्या फोनवर येऊन पडतो. खात्याला भारतातल्या भावाचा नंबर जोडलेला असेल तर हे टळतं. परतीचे पैसे परदेशी कार्डावर त्या दिवसाच्या दराने जातात, तेव्हा भरले तेवढेच डॉलर परत येतील असं नाही. तरीही तिथून वस्तू पाठवण्यापेक्षा इथल्याच दुकानातून मागवणं सोयीचं, कारण डिसेंबर 2019 पासून परदेशातून टपालाने किंवा कुरिअरने ‘भेट’ म्हणून माल आणायला बंदी आहे. रीतसर आयात म्हणून पूर्ण कर भरला तर गोष्ट वेगळी. बंदीला दोनच अपवाद ठेवले आहेत: जीवरक्षक औषधं आणि राखी. राखीसोबतची भेट मात्र त्या अपवादात बसत नाही.